अंधाऱ्या खोलीचं भाडं

सांगलीच्या विश्रामबागेतला आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, तीन बेडरूम, महिन्याचं भाडं १५,००० आणि राहणाऱ्या आम्ही तिघी. म्हणजे पाच-पाच हजार, विषय संपला, असं ऐकणाऱ्या प्रत्येकाला वाटतं. मला ते कधीच पटलं नाही, कारण त्या तीन खोल्या एकमेकींसारख्या अजिबात नाहीत.

मोठी खोली १२ बाय १२, पूर्वेला गॅलरी, सकाळचं ऊन थेट गादीवर येतं आणि बाथरूम अटॅच. मधली १२ बाय १०, खिडकी पश्चिमेला, दिवसभर वाचता येईल असा उजेड असतो पण सांगलीचा एप्रिल-मे म्हणजे दुपारी दोननंतर त्या बाजूची भिंत हाताला चटका देते, आणि बाथरूमसाठी पॅसेजमधून जायचं. आतली खोली १२ बाय ८, तिची खिडकी डक्टमध्ये उघडते, त्यामुळे भर दुपारीसुद्धा ट्यूब लावल्याशिवाय कपड्याचा रंग कळत नाही. थंड असते मात्र, उन्हाळ्यातही. आता या तिन्हींना पाच-पाच हजार लावले की मोठी खोली कुणाला, हा प्रश्न उरतोच, आणि मग तो पैशाने न सुटता ओळखीने सुटतो, जी आधी आली तिला किंवा जी जास्त बोलते तिला. आतल्या खोलीत जी जाते ती दर महिन्याला भाडं देताना मनातल्या मनात मोजत राहते.

दुसरी रीत चौरस फुटांची. टेप घेऊन मोजलं तर बेडरूम १४४, १२० आणि ९६ फूट, एकूण ३६०. पूर्ण १५,००० याच प्रमाणात वाटले तर ६,०००, ५,००० आणि ४,००० येतात. दिसायला छान, पण यात एक गोष्ट सुटते, ती म्हणजे आपण फक्त बेडरूमचं भाडं देत नसतो. हॉल, किचन, पॅसेज, कॉमन बाथरूम मिळून आमच्याकडे जवळपास तेवढीच जागा आहे आणि ती तिघींची सारखी. म्हणून अर्धं भाडं, ७,५०० रुपये, सरळ तिघींत २,५०० प्रमाणे, आणि उरलेलं अर्धं फुटांप्रमाणे ३,०००, २,५०० आणि २,०००. म्हणजे ५,५००, ५,००० आणि ४,५००. चौरस फुटांनीच वाटायचं असेल तर निदान असं वाटावं, नाहीतर लहान खोलीवाल्याला हॉल स्वस्तात मिळतो आणि मोठ्या खोलीवाल्याला तोच हॉल महागात पडतो, ज्याला काही कारण नाही.

पण फुटात बाथरूम कुठे आहे? उजेड कुठे आहे? इथून पुढे लोक पॉइंट लावायला लागतात, अटॅच बाथरूमचे हजार वाढवा, उजेड नाही म्हणून सातशे कमी करा. आणि भांडण सुरू होतं ते या हजार आणि सातशेवरच, कारण हे आकडे ठरवणार कोण? अटॅच बाथरूमचंच घ्या. ती एकीला मिळाली की कॉमन बाथरूमची सकाळची रांग तिघींऐवजी दोघींची होते, म्हणजे फायदा सगळ्यांनाच झाला, मग पूर्ण हजार एकीनेच का द्यायचे? उलट गीझर फक्त अटॅच बाथरूममध्येच असेल तर डिसेंबरात बाकीच्या दोघी टॉवेल घेऊन त्या खोलीतूनच जाणार, मग ती अटॅच राहिलीच कुठे. (भाड्याचं बोलणं सुरू करायच्या आधी हे बघून घ्या, गीझर कुठे आहे आणि टाकीचं पाणी कमी झालं की आधी कुठला नळ बंद पडतो. उजेडही दोनदा बघा, सकाळी अकराला बल्ब बंद करून आणि दुपारी चारला, एजंट नेमका सकाळी पूर्वेची खोली दाखवतो.)

खरी अडचण याच्याही खाली आहे. पॉइंट लावताना आपण धरून चालतो की उजेड म्हणजे चांगला आणि अंधार म्हणजे वाईट, सगळ्यांना सारखंच. आमच्यात तसं नव्हतं. एक मिरजेच्या हॉस्पिटलमध्ये नर्स, सलग नाइट मागून घेतलेली, तिला आम्ही सिस्टरच म्हणायचो. सकाळी परत येऊन ती झोपणार ती दुपारी चारपर्यंत. दुसरी जतची, एमपीएससी करणारी, अभ्यासिकेत तिचं मन लागत नाही म्हणून दिवसभर घरीच टेबलाशी बसलेली. तिसरी मी, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात अकाउंट्स बघते, साडेनऊला घर सोडते ते संध्याकाळी सातला परत, त्यामुळे दुपारच्या उजेडाचं मला काही नाही पण सकाळी आठ ते नऊ बाथरूम मोकळी पाहिजे म्हणजे पाहिजेच. आता सांगा आतल्या खोलीची किंमत किती? जतचीला ती फुकट दिली तरी तिथे अभ्यास होणार नाही. सिस्टरला मात्र डोळे मिटले की रात्र वाटेल अशी ती एकच खोली घरात होती. त्यामुळे नुसत्या खोलीकडे बघून तिची किंमत ठरतच नाही, त्यात राहणारीचा दिवस कसा जातो तेही धरावं लागतं. म्हणून मी हट्ट धरला की खोल्यांना मार्क द्यायचेच नाहीत, प्रत्येकीने आपापले आकडे लिहायचे.

रीत अशी. प्रत्येकीने एका चिठ्ठीवर तिन्ही खोल्यांपुढे रुपये लिहायचे, माझ्यासाठी ही खोली एवढ्याची, आणि तिन्हींची बेरीज बरोबर १५,००० आली पाहिजे. बेरजेची अट महत्त्वाची, नाहीतर कुणीही सगळ्याच खोल्यांना कमी लिहील. आकडा कसा काढायचा, तर स्वतःला विचारायचं की मोठी खोली आणि मधली यांच्यात किती रुपयांचा फरक असला तर मला दोन्ही सारख्याच चालतील. मला वाटलं अडीच हजार. जतचीला वाटलं हजारच, कारण उजेड दोन्हीकडे आहे.

चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा सिस्टरने मोठीला ५,५००, मधलीला ३,५०० आणि आतलीला ६,००० लिहिले होते. मधली एवढी कमी का, तर दुपारचं पश्चिमेचं ऊन नेमकं तिच्या झोपेच्या वेळेला. जतचीचे मोठीला ६,५००, मधलीला ५,५००, आतलीला ३,०००. माझे मोठीला ७,०००, मधलीला ४,५००, आतलीला ३,५००.

पहिलं काम म्हणजे कुणी कुठे राहायचं. तिघींना तीन खोल्या लावायच्या फक्त सहाच तऱ्हा होतात, सहाही कागदावर लिहून प्रत्येक तऱ्हेची बेरीज करायची आणि सगळ्यात मोठी बेरीज येते ती घ्यायची. आमच्यात सिस्टर आत, जतची मधे, मी मोठ्या खोलीत, अशी ६,००० अधिक ५,५०० अधिक ७,०००, म्हणजे १८,५०० आली. याच्या खालोखालची १७,०००. म्हणजे वाद घालायलाच जागा नव्हती.

दुसरं काम भाडं. घरमालकाला द्यायचे १५,०००, आणि आम्हाला मिळून ते घर १८,५०० चं वाटतंय, म्हणजे ३,५०० जास्तीचे. हे जास्तीचे तिघींत सारखे वाटायचे, प्रत्येकीच्या आकड्यातून साधारण ११६७ वजा. बेरीज १५,००० च राहील असं पाच रुपयांत राउंड करून मोठी ५,८३५, मधली ४,३३०, आतली ४,८३५. हो, अंधारी खोली मधल्या खोलीपेक्षा महाग. जतचीच्या आईला फोनवर हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं त्या पोरीला फसवलं की तुम्ही." आणि सिस्टर तिकडून ओरडली, "मावशी, मी सहा हजाराला तयार होते!"

तिचं बरोबर होतं, आणि ते तपासता येतं, हेच मला या रीतीत सगळ्यात आवडतं. वाटणी झाल्यावर प्रत्येकीने आपल्याच आकड्यातून तिन्ही खोल्यांचं भाडं वजा करून बघायचं. सिस्टरला आतली खोली साडेअकराशेच्या वर फायद्यात पडते, मोठी घेतली असती तर तीनशेच्या वर तोटा आणि मधलीत आठशेच्या वर. जतचीला मधलीत ११७० फायदा, मोठीत गेली असती तर फक्त ६६५. मला मोठीत ११६५, मधलीत १७०. म्हणजे प्रत्येकीला या भाड्यात स्वतःचीच खोली सगळ्यात परवडते, दुसरीच्या खोलीत जाऊन कुणाचंच भलं होत नाही. मत्सर नको असेल तर एवढंच बघायचं असतं. खोल्या सारख्या नसल्या तरी चालतं, भाडी सारखी नसली तरी चालतं.

ही तपासणी सोडू नका मात्र, कारण तिघी किंवा जास्त असतील तर जास्तीचे सारखे वाटून दर वेळी हे जमतंच असं नाही. समजा मी ७,५००, ५,००० आणि २,५०० लिहिले असते आणि जतचीने ६,५००, ४,२०० आणि ४,३००. तरी मोठी मला, मधली तिला, हेच येतं, जास्तीचे २,७००, प्रत्येकीला ९००, म्हणजे मोठी ६,६०० आणि मधली ३,३००. आता माझ्या हिशोबाने मला मोठीत ९०० फायदा आणि मधली, जी मला मुळात ५,००० ची वाटते, तिच्यात १,७००. मी रोज तिच्या खोलीकडे बघत बसणार. मग मोठीचे ४०० उतरवायचे आणि मधलीचे ४०० चढवायचे, ६,२०० आणि ३,७००, की मला दोन्हीकडे १,३०० पडतात आणि जतचीलाही अजून मधलीच सोयीची राहते. तिचा फायदा कमी झाला, पण कुणाची नजर कुणाच्या खोलीवर राहत नाही. सरकवल्यावर तिसरीचंही परत तपासायचं, कारण एक भाडं हललं की सगळीच गणितं हलतात.

हे आम्ही शोधलेलं नाही. १९९९ साली फ्रान्सिस सू नावाच्या गणितज्ञाने अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथलीत दाखवलं की अशी वाटणी निघतेच. त्याने रुपये लिहायला सांगितले नाहीत. एक मोठा त्रिकोण कल्पायचा ज्याचा प्रत्येक बिंदू म्हणजे भाडं वाटायची एक तऱ्हा, त्याचे बारीक बारीक त्रिकोण पाडायचे, आणि एकेका कोपऱ्यावर एकेकीला विचारत जायचं, या भाड्याला तू कुठली खोली घेशील? स्पर्नर नावाच्या जर्मन गणितज्ञाचा १९२८ चा एक नियम आहे, त्याच्या आधाराने हे ठरतं की कुठेतरी एक बारीक त्रिकोण असा सापडणारच जिथे तिघींची उत्तरं तीन वेगळ्या खोल्यांची येतात, म्हणजे त्याच्या आसपासच्या भाड्याला तिघी खूश. अट एक, फुकट खोली मिळत असेल तर पैसे देऊन घ्यायच्या खोलीपेक्षा माणूस फुकटचीच निवडेल. जतचीला आतली खोली फुकट दिली तरी उपयोगाची नाही असं मी वर म्हटलं, तिथे ही अट मोडते. चिठ्ठीची रीत त्याहून सोपी आहे, २०१४ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात एरियल प्रोकाचिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्प्लिडिट नावाची साइट काढली तिथेही लोक खोल्यांपुढे असेच आकडे भरायचे. तिघांपर्यंत कागद-पेन पुरतं. चौघं असले की तऱ्हा चोवीस होतात, तेही एका दुपारचं काम आहे.

लबाडी होऊ शकते का, तर हो, आणि म्हणूनच चिठ्ठ्या एकाच वेळी लिहायच्या आणि एकाच वेळी उघडायच्या. दुसरीचे आकडे आधी कळले तर आपला आकडा खाली ओढता येतो. पण न बघता केली तर ती अंगावर येते. समजा मी मनात म्हटलं, मोठी खोली मलाच मिळणार आहे, कशाला ७,००० लिहू, ६,००० लिहिते आणि ते हजार मधलीवर टाकते, ५,५००. मग सहा तऱ्हांत सगळ्यात मोठी बेरीज १८,००० ची येते, आणि त्यात मोठी खोली जतचीला जाते! मी मधल्या खोलीत, ४,५०० भाड्याने, म्हणजे मला ती खरंच जेवढ्याची वाटते तेवढ्यालाच. फायदा शून्य. खरं लिहिलं तर साडेअकराशेच्या वर होता.

मग सिस्टरचं लग्न ठरलं आणि ती गेली. तिच्या जागी आली ती कपड्यांच्या शोरूममध्ये काम करणारी, दिवसाची ड्युटी, रात्री घरी. आम्ही परत चिठ्ठ्या लिहिल्या. तिचे मोठीला ६,५००, मधलीला ५,०००, आतलीला ३,५००. आमच्या दोघींचे आधीचेच. आतली खोली तिलाच आली, पण आता बेरीज १६,०००, जास्तीचे फक्त हजार, प्रत्येकीला ३३३. भाडी झाली मोठी ६,६६५, मधली ५,१६५, आतली ३,१७०. तपासलं, तिघींनाही आपली खोली सोडून जास्त फायद्याची दुसरी नव्हती, फक्त मला मोठी आणि आतली जवळजवळ सारख्याच पडत होत्या.

जतची कागद बघत म्हणाली, "खोली तीच, खिडकी तीच, माझं भाडं आठशेनं का वाढलं गं?"

हा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं, नाहीतर रीतच खोटी वाटते. उत्तर असं की आधीचं कमी भाडं मधल्या खोलीमुळे नव्हतंच, ते सिस्टरमुळे होतं. घरातली नको असलेली खोली कुणालातरी मनापासून हवी होती, त्यातून जे ३,५०० निघाले ते आम्ही तिघींनी वाटून घेतले होते. ती गेली तशी तिची ती आवडही गेली. नव्या मुलीला जुन्याच भाड्यात, ४,८३५ ला, अंधारी खोली दिली असती तर तिने स्वतः जी ३,५०० ची धरली त्याहून तेराशे जास्त घेतले असते, फक्त ती नंतर आली म्हणून. ते मला मान्य नव्हतं आणि जतचीलाही नव्हतं, तिने ते लगेच मान्य केलं. पण मान्य असणं वेगळं आणि पैसे असणं वेगळं. घरून तिला ठरलेली रक्कम येते, त्यात खानावळ आणि टेस्ट सिरीज. पाच हजाराच्या वर भाडं गेलं की एक वेळचा डबा बंद.

या रीतीला खिशाचं माहीतच नसतं, ती फक्त आवड बघते. भाड्याला वरची मर्यादा घातली की कधीकधी मत्सराविना वाटणी निघतच नाही. जतचीची मर्यादा पाच हजाराच्याही खाली, ४,५०० वर, धरून मी बसून बघितलं, तर उरलेले ६६५ आम्ही दोघींनी घेतले की नव्या मुलीला मधली खोली स्वतःच्या खोलीपेक्षा सोयीची पडायला लागते, आणि सगळे मी घेतले तर मी ७,००० च्या वर जाते, म्हणजे मला ती खोली जेवढ्याची वाटते त्याच्याही वर. कुठून तरी टोचणारच.

मग मी ठरवलं की नव्या मुलीला यात ओढायचं नाही. तिची आमची ओळख दोन आठवड्यांची, तिने कुणाच्या परीक्षेसाठी पैसे का द्यावेत. तिचे ३,१७० तसेच ठेवले. मी माझे ७,००० केले, जतचीचे ४,८३० झाले. घरमालकाच्या करारावर हे काही नाही, त्यांना दर पाच तारखेला एका खात्यावरून १५,००० जातात आणि त्यांना तेवढंच हवं असतं, पण फ्रिजवर लावलेल्या आमच्या कागदावर मी दोन वेगळ्या ओळी लिहिल्यात. वरती वाटणीचे आकडे, ६,६६५, ५,१६५, ३,१७०. त्याखाली, जतचीला माझ्याकडून ३३५, मुख्य परीक्षेपर्यंत. ही मदत आहे आणि ती मदत म्हणूनच लिहिलेली बरी, कारण ती वाटणीत मिसळली की पुढच्या वेळी ४,८३० हेच त्या खोलीचं खरं भाडं आहे असं सगळे धरून चालतात, आणि जी पुढे मोठ्या खोलीत राहायला येईल तिला न विचारता ते भरावे लागतात.

लाइट बिल आम्ही यात घेतलं नाही. मधल्या खोलीत कूलर मे महिन्यात दिवसभर चालतो आणि आतल्या खोलीत ट्यूब, तो हिशोब वेगळा, महिन्याचं बिल बघूनच करायचा. डिपॉझिट मात्र तिघींचं सारखं, ते परत येणारे पैसे आहेत, खोलीशी त्याचा संबंध नाही.

आत्ताच्या भाड्याला माझ्या आकड्यांप्रमाणे मला मोठीत शून्य फायदा आहे आणि आतलीत ३३० चा. म्हणजे कागद मला सांगतोय की आत जा. सध्या जात नाही, कारण मी आत गेले तर नव्या मुलीला मोठी घ्यावी लागेल, आणि ती खोली तिच्या हिशोबाने जेवढ्याची आहे त्याहून पाचशे जास्त भाड्याची आहे. परीक्षा झाली, मदतीची ओळ खोडली की परत चिठ्ठ्या लिहायच्या ठरल्यात. तोपर्यंत यार्डात हळदीचा सीझन असतो, सकाळी सातलाच निघावं लागतं, आठ ते नऊची बाथरूम मला लागणारच नाही, त्यामुळे मोठीसमोर मी या वेळी ७,००० लिहिणार नाही हे नक्की.